व, फ, सुम्म, औ : अरबी गोष्टीत दोन घटनांमधलं अंतर

«मी घरच्या घरी अरबी शिकतो आहे. व, फ, सुम्म आणि औ यांच्यापुढे मी वहीत 'आणि', 'मग', 'नंतर', 'किंवा' असं लिहून ठेवलंय. पण गोष्ट वाचताना 'फ' आणि 'सुम्म' यांतला फरक कळत नाही. शिवाय 'व' आला की घटना त्याच क्रमाने घडल्या असं धरायचं का?»

नाही, 'व'वरून क्रम धरायचा नाही. सुरुवात तिथूनच करतो, कारण 'व' काय करत नाही हे एकदा कळलं की बाकीचे तिघे काय करतात ते समजायला सोपं जातं.

आठव्या शतकात बसऱ्याला सीबवैह नावाचा व्याकरणकार होऊन गेला. त्याचा ग्रंथ 'अल-किताब' याच नावाने ओळखला जातो. त्यात एक साधं वाक्य आहे: 'मरर्तु बि-रजुलिन् व हिमार', म्हणजे मी एका माणसाजवळून आणि एका गाढवाजवळून गेलो. आधी कोण लागलं? सीबवैह म्हणतो, वाक्यावरून ते कळत नाही. 'व'ने दोघांना 'गेलो' या एका क्रियापदाखाली आणलं, एवढंच. 'व'च्या जागी 'फ' घातला तर आधी एक आणि त्याला लागूनच दुसरा. 'सुम्म' घातला तर तो म्हणतो, आता हे जाणं एक राहिलं नाही, दोन झाली. माझ्या मते चारांपैकी तिघांचा उलगडा या एका उदाहरणात होतो.

'व'ला क्रम नसतो याचा सरळ पुरावा कुरआनातच आहे. मूसाच्या लोकांना गावात शिरताना दिलेली आज्ञा दोनदा येते. दुसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात (आयत, म्हणजे ओवी, ५८) 'दारातून झुकून आत जा व हित्ततुन्, म्हणजे आमचं ओझं उतरव, असं म्हणा' असं आहे, आणि सातव्या सूरेत (आयत १६१) 'हित्ततुन् म्हणा व दारातून झुकून आत जा' असं. प्रसंग तोच, आज्ञा त्याच, क्रम मात्र उलटा. 'व' क्रम सांगत असता तर दोन्ही वाक्यं एकदम खरी ठरली नसती.

आपल्याला इथे चकवा बसण्याचं एक कारण घरातलंच आहे. मराठीतला 'व' फारसीच्या वाटेने आलेला, त्यामुळे तो ओळखीचा वाटतो आणि 'आणि'च्या सवयीने आपण तो वाचतो. मराठीत 'तो उठला आणि निघाला' म्हटलं की क्रम आपण मनातच भरतो. अरबी वाचकही वस्तुस्थितीवरून तो भरतो. पण तो क्रम प्रसंगाचा असतो, 'व'ने दिलेला नसतो.

आता गोष्टच घेऊ. कुरआनाची बारावी सूरा यूसुफची आहे. सबंध सूरा म्हणजे जवळजवळ एकच सलग कथा, आणि तुमची चारही अव्ययं तिच्यात आहेत. भावांनी यूसुफला विहिरीत टाकलंय, तिथली १९वी आयत पाहा:

'व जाअत् सय्यारतुन्, फ-अर्सलू वारिदहुम्, फ-अद्ला दल्वह्, क़ाल या बुश्रा हाज़ा ग़ुलाम, व असर्रूहु बिज़ाअह.'

एक तांडा आला. त्यांनी आपल्या पाणक्याला पाठवलं, त्याने पोहरा आत सोडला. म्हणाला, अरे वा, हा तर पोरगा! आणि त्यांनी त्याला माल म्हणून लपवून ठेवलं. (आज आखातात 'सय्यारा' म्हणजे मोटारगाडी. तिकडे राहिलेल्या मराठी माणसाला हा शब्द पहिल्या आठवड्यातच कळतो. इथे तो वाटसरूंचा तांडा आहे.)

पहिला 'व' नवा प्रसंग उघडतो. तांडा कधी आला, त्याच दिवशी की चार दिवसांनी, हे तो सांगत नाही. जुन्या अरबी गद्यात पूर्णविराम नव्हते, तेव्हा असा 'व' नव्या वाक्याची खूण म्हणूनही काम करायचा. म्हणून भाषांतरात त्याचं दर वेळी 'आणि' करू नका, मराठी कानाला ते खटकतं. त्यानंतर दोन 'फ' येतात. तांडा आला, तसा पाणक्या गेला. पाणक्या गेला, तसा पोहरा आत. मध्ये गोष्ट कुठेच थांबत नाही. 'म्हणाला'च्या आधी तर काहीच नाही, शब्द थेट तोंडून फुटतात. आणि लपवण्याला पुन्हा 'व': ती या साखळीतली पुढची कडी नाही, बाजूला ठेवलेली एक माहिती आहे.

मराठीत 'फ'चं काम बरेचदा 'ऊन'वालं रूप करतं: जाऊन, सोडून, बघून. पण 'ऊन'ला बहुधा कर्ता एकच लागतो. इथे पाठवणारे वेगळे आणि पोहरा सोडणारा वेगळा, म्हणून 'पाठवून सोडला' म्हणता येत नाही. अशा ठिकाणी 'तसा', 'तोच', 'तेव्हा' हे शब्द उपयोगी पडतात. काही वेळा नुसती दोन छोटी वाक्यं शेजारी ठेवली तरी पुरतं. तुमच्या वहीतला 'मग' अगदी चुकीचा नाही, पण मराठी 'मग' सैल आहे. त्यात लगेचही बसतं आणि दोन तासांनीही बसतं.

'फ'मधलं 'लगेच' मात्र घड्याळाचं नाही, आणि नवशिके इथेच अडतात. चौदाव्या शतकातल्या इब्न हिशाम या व्याकरणकाराने दिलेलं उदाहरण असं: 'तज़व्वज फुलानुन् फ-वुलिद लह्', अमक्याने लग्न केलं आणि त्याला मूल झालं. मध्ये नऊ महिने आहेत, तरी 'फ' चालतो. गर्भाचे महिने सोडून आणखी वेळ गेला नसेल तर अरबी भाषेच्या लेखी ते 'लागूनच' झालं. म्हणजे ज्या कामाला जेवढा वेळ मुळात लागतो, तेवढा 'फ' मोजतच नाही. यूसुफच्याच गोष्टीत ४२व्या आयतीत पाहा. तुरुंगातून सुटलेला सोबती धन्याजवळ यूसुफचं नाव काढायला विसरतो, 'फ-लबिस फिस्सिज्नि बिज़्अ सिनीन': तेव्हा तो काही वर्षं तुरुंगातच राहिला. वर्षं गेली आणि तरीही 'फ', कारण विसरणं आणि राहणं यांच्यामध्ये काही नाही. एकामुळे दुसरं झालं. इथे 'नंतर' म्हटलं तर कारण हरवतं, 'म्हणून' किंवा 'तेव्हा' हवं.

'फ'चा आणखी एक प्रकार सांगून ठेवतो, कारण तो क्रमासारखा दिसतो पण क्रम नसतो. अकराव्या सूरेत (आयत ४५) 'व नादा नूहुन् रब्बहू फ-क़ाल' असं आहे: नूहने आपल्या प्रभूला हाक मारली, म्हणाला... हाक मारली आणि मग बोलला असं नाही. बोलणं हीच ती हाक. आधी गोष्ट थोडक्यात सांगितली आणि 'फ'ने ती उलगडली. मराठीत इथे 'मग' लिहिलंत तर एका घटनेच्या दोन होतील.

आता 'सुम्म'. मूळ उच्चारात पहिलं अक्षर जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून होतं, आपल्याकडे ते 'स' म्हणूनच वाचतात. त्याचा अर्थ 'नंतर', पण मध्ये अंतर राखून. सर्वात स्वच्छ जागा ८०व्या सूरेत आहे (आयती २१ आणि २२): 'सुम्म अमातहू फ-अक़्बरह्, सुम्म इज़ा शाअ अन्शरह्'. मग त्याला मरण दिलं, लगोलग कबरीत ठेवलं, आणि पुढे केव्हातरी, इच्छा होईल तेव्हा, त्याला उठवील. मरण आणि दफन यांच्यामध्ये 'फ', दफन आणि उठवणं यांच्यामध्ये 'सुम्म'. वहीत एकच ओळ लिहायची झाली तर ही लिहा.

यूसुफच्या कथेत स्वप्नाचा अर्थ सांगताना सात सुकाळाच्या वर्षांनंतर सात दुष्काळाची येतात, तीही 'सुम्म'ने. तिथे अंतर सरळ वर्षांचं आहे. ३५वी आयत मला जास्त बोलकी वाटते. धन्याच्या बायकोने यूसुफवर आळ घेतला होता, पण त्याचा सदरा मागून फाटलेला निघाला, त्याचं निर्दोषपण उघड झालं, 'सुम्म बदा लहुम्': आणि तरी, एवढ्या खुणा बघून झाल्यावर, त्याला काही काळ डांबावं असं त्यांच्या मनात आलं. वेळ गेला आहेच. पण मला इथे दुसरंही एक अंतर ऐकू येतं, जे दिसलं आणि जे ठरवलं त्यांच्यातलं. 'सुम्म' असं वेळेपलीकडचं अंतरही दाखवतो, हे जुन्या भाष्यकारांनी इतर ठिकाणी नोंदलेलं आहे. भाषांतरात मी इथे नुसतं 'नंतर' न लिहिता 'एवढं होऊनही' लिहीन.

हे नियम लोखंडी मात्र नाहीत. गर्भाच्या अवस्था २२व्या सूरेत ओळीने 'सुम्म'ने जोडल्यात, तर २३व्या सूरेत त्यातल्या काहींच्या मध्ये 'फ' आहे. काळ तोच, सांगणाऱ्याने एकदा लांबी दाखवली आणि एकदा एकातून दुसरं निघणं. म्हणून अव्ययावरून दिवस मोजायला जाऊ नका. सांगणारा ते अंतर किती मानतो, एवढंच ते सांगतं.

वाचताना बसणारे दोन चकवेही सांगतो. 'व' आणि 'फ' पुढच्या शब्दाला चिकटून लिहितात, आणि स्वरचिन्हं नसतील तर फ-ह-म ही तीन अक्षरं 'फहिम' (त्याला समजलं) अशीही वाचता येतात आणि 'फ-हुम्' (तर ते) अशीही. दुसरा चकवा 'व' पुढे नाम किंवा सर्वनाम आलं तर. यूसुफच्या सूरेत १३व्या आयतीत त्याचा बाप म्हणतो, मला भीती वाटते की लांडगा त्याला खाईल 'व अन्तुम् अन्हु ग़ाफिलून'. हे 'आणि तुम्ही बेसावध' नाही, 'तुमचं लक्ष नसताना' असं आहे. इथला 'व' दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या दाखवतो.

राहिला 'औ'. तो क्रमात काही भर घालत नाही, उलट क्रम थांबवतो. त्याच्या दोन्ही बाजू घडलेल्या नसतात, एकच घडलेली किंवा घडायची असते. कुरआनातल्या गुहेच्या गोष्टीत झोपून उठलेल्यांना 'किती वेळ होता?' असं विचारल्यावर ते म्हणतात, 'यौमन् औ बअ्ज़ यौम', एखादा दिवस किंवा दिवसाचा काही भाग. तिथे तो बोलणाऱ्याचा संशय आहे. यूसुफच्या भावांच्या तोंडी तो पर्याय होऊन येतो: 'उक़्तुलू यूसुफ अवित्रहूहु अर्ज़न्', यूसुफला मारून टाका किंवा कुठल्यातरी मुलखात फेकून द्या. (पुढे जोडाक्षर आल्यामुळे इथे 'औ'चं 'अवि' झालंय.) पुढच्याच आयतीत त्यांच्यातला एक म्हणतो, यूसुफला मारू नका, 'व अल्क़ूहु', आणि त्याला विहिरीच्या तळाशी टाका. 'औ' गेला, जागी 'व' आला. विहिरीतून कुणी वाटसरू त्याला काढून नेतील, असंही तो म्हणतो. १९व्या आयतीतला तांडा येतो तो याच विहिरीवर.