घरून अनुवाद करताना सुरुवातीला सांभाळायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे, मुदत ग्राहकाच्या घाईवरून न ठरवता शब्दसंख्येवरून ठरवा. साध्या मजकुराचे दिवसाला सुमारे २००० शब्द नीट होतात, असे धरले, तर ६००० शब्दांच्या कामासाठी तीन दिवस अनुवादाचे, एक दिवस पुनर्वाचनाचा आणि अर्धा दिवस शंकानिरसनाचा राखून पाचव्या दिवशी दुपारची वेळ मागा. बहुतेक नवे अनुवादक पुनर्वाचन हिशेबात धरतच नाहीत आणि मग ते रात्री जागून करतात. न्यूयॉर्कचा ग्राहक ‘उद्या सकाळी नऊपर्यंत’ म्हणाला, तर कोणाचे नऊ, हे अवश्य विचारा. तिथले नऊ म्हणजे आपली संध्याकाळ असते.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. नुसत्या गप्पांचे बेत कामाच्या गर्दीत हमखास रद्द होतात, म्हणून एखाद्या सहव्यवसायीशी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोनवर एकमेकांचे मजकूर तपासण्याचा परिपाठ ठेवा. गोपनीयतेच्या कराराखालील मजकूर मात्र त्यातून वगळा.

पुनर्वाचनात आकडे किंवा नकारार्थी शब्द वारंवार सुटलेले दिसू लागले, तर थकवा कामात उतरला आहे असे समजा आणि पुढचे काम स्वीकारण्याआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.