सैनिकाच्या फोटोतला व्रण पुसायला नकार देणारा फोटोग्राफर कथेत खरा कसा वाटेल?

प्रश्न: लघुकथा लिहितोय. पुणे, १९७२. युद्धात गेलेल्या हवालदाराचा स्मृतिफोटो करायचाय, भाऊ म्हणतो गालावरचा व्रण काढा, स्टुडिओवाला नाही म्हणतो. तेव्हा हे काम हाताने कसं करायचे? आणि त्याचा नकार नुसतं भाषण वाटू नये म्हणून काय करू?

उत्तर:

आधी व्रणाचं वय ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. जखम १९७१च्याच लढाईतली असेल तर फोटोत व्रण येणारच नाही, कारण तुमचा हवालदार परतलेलाच नाही. म्हणून जखम १९६५ची धरा, तोफगोळ्याच्या कपचीची, आणि फोटो १९७१च्या सुट्टीत काढलेला. तो खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलातला असेल, तर कॅम्पातल्या किंवा खडकी बाजारातल्या स्टुडिओत येणं सहज पटतं. नवा व्रण काही महिने लालसर किंवा काळपट असतो. सहा वर्षांनी तो बहुधा आजूबाजूच्या सावळ्या कातडीपेक्षा फिका पडलेला आणि किंचित चकाकणारा असतो. या फिकेपणावरच तुमची कथा उभी राहू शकते.

कॅमेरा क्वार्टर प्लेटचा द्या, म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंचांची निगेटिव्ह. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चेहरा इतका लहान येतो की पेन्सिलीने काम होत नाही, आणि जाणकार वाचक तिथेच अडखळेल. छातीपर्यंतच्या फोटोत चार सेंटिमीटरचा व्रण या निगेटिव्हवर साधारण सहा मिलिमीटर लांब येईल आणि रुंदीला अर्धा मिलिमीटरही नसेल. बारा बाय पंधराच्या एन्लार्जमेंटमध्ये तो साडेतीन पट, म्हणजे दोन सेंटिमीटरच्या आसपास होतो.

आता रिटचिंग. निगेटिव्ह उतरत्या मेजावरच्या दुधी काचेवर ठेवतात आणि खालच्या आरशातून उजेड घेतात. मंद दिसणाऱ्या बाजूला, म्हणजे चांदीच्या कणांनी चित्र उमटलेल्या इमल्शनच्या थरावर, कापसाच्या बोळ्याने राळ आणि टर्पेंटाइनचं मिश्रण अगदी पातळ फिरवतात, नाहीतर शिसं धरत नाही. मग कठीण पेन्सिलीचं लांब टोक पॉलिश पेपरवर सुईसारखं करून बारीक बारीक स्वल्पविराम टाकत जायचं. रेघ ओढायची नाही, ती प्रिंटवर रेघ म्हणूनच दिसते. निगेटिव्हवर काळेपणा वाढला की प्रिंटवर तो भाग उजळतो. म्हणजे पेन्सिलीने सुरकुत्या, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलकी होतात. चुकलं तर टर्पेंटाइनने पुसून पुन्हा करता येतं.

फिक्या व्रणाला मात्र पेन्सिल निरुपयोगी आहे. तो निगेटिव्हवर उलटा, आजूबाजूपेक्षा काळा असतो, कारण तिथे चांदी जास्त साठलेली असते. ती कमी करायची तर पातं घेऊन इमल्शन खरवडायचं. पातं जवळजवळ आडवं धरून, दाब न देता, भुकटीसारखा थर काढत जायचं. हात थोडा जड पडला की पातं फिल्मपर्यंत पोचतं आणि तिथे प्रिंटवर काळा ठिपका उमटतो. खरवडलेली चांदी परत येत नाही. निगेटिव्ह एकच आहे आणि माणूस पुन्हा बसायला येणार नाही. हा प्रसंग जवळून दाखवा: भाऊ निगेटिव्ह खिडकीशी धरतो, केस पारदर्शक, चेहरा करडा आणि गालावर एक काळी रेघ. तो म्हणतो, "एवढीच ना? रबरानं निघंल की." फोटोग्राफर त्याच्या हातातून निगेटिव्ह कडांनी धरून परत घेतो.

इथे एक सापळा आहे. "हे होतच नाही" असं त्याच्या तोंडी घालू नका. निगेटिव्हला हात न लावता प्रिंटवर काम करता येतं. शून्य नंबरचा ब्रश जवळजवळ कोरडा करून, पातळ केलेल्या काळ्या डायचे ठिपके फिक्या जागेत भरत जायचे, आधी हलके, मग गडद. चकचकीत कागदावर तिरप्या उजेडात हे काम दिसतं, मॅट कागदावर लपतं. दहा प्रती हव्या असतील तर दहा वेळा तेच करावं लागतं, किंवा एक प्रिंट सुधारून तिची कॉपी निगेटिव्ह काढावी लागते. त्या काळातल्या स्टुडिओंत हे रोजचं काम होतं. म्हणून त्याचा नकार उघड असू द्या: मला येतं, पण मी करणार नाही.

तो पटण्यासाठी त्याला आधी बाकीचं सगळं करताना दाखवा. कपाळावरची घामाची चमक, हनुवटीवरची पुटकुळी, वर आलेला केस, हे तो न विचारता काढतो. पंधरा दिवसांत जे आपोआप गेलं असतं ते काढायचं, जे माणसाबरोबर राहणार ते ठेवायचं, हा बऱ्याच रिटचरांचा हिशेब असतो. याची सवय असलेल्याचा नकार माझ्या मते कुठल्याही देशभक्तीच्या संवादापेक्षा वजनदार वाटेल.

दुसरं कारण चेहऱ्यातच आहे आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. व्रण गालाच्या हाडापासून मिशीपर्यंत उतरवा. व्रणावर केस उगवत नाहीत, म्हणून मिशीच्या टोकाला बारीक फट राहते. आकसलेली कातडी वरचा ओठ त्या बाजूला जरा वर ओढते. आता नुसती रेघ पुसली तर मिशी कुरतडल्यासारखी आणि ओठ उगाच वाकडा दिसतो. मग मिशीचे केस रंगवा, ओठाची कड बदला, आणि गालावर त्वचेची छिद्रं नसलेला मेणासारखा गुळगुळीत पट्टा राहतो तो वेगळाच. भावाला एक रेघ काढायची आहे, पण काम सुरू केलं की अर्धा चेहरा बदलावा लागतो. फोटोग्राफरने हे सांगू नये, प्रिंटवर बोट न टेकवता फक्त दाखवावं: "हे काढलं की हे. हे काढलं की हे."

मूळ प्रकाशयोजनेचाही उल्लेख करा. समोरून मऊ उजेड टाकला असता तर व्रण बराचसा दबला असता, बाजूच्या दिव्याने तो उठतो. हवालदार बसला तेव्हा दिवा कुठे होता, आणि त्याने स्वतः कुठला गाल पुढे केला, हे एका वाक्यात आलं तरी फोटोग्राफरकडे आठवण म्हणून काहीतरी ठोस असेल. कायदेशीर वाटणारा आधार हवा असेल तर सरकारी कागदपत्रांत ओळखखुणा लिहितात, तिथे "उजव्या गालावर जखमेचा व्रण" अशी ओळ घालता येईल. बाजू मात्र फोटोशी जुळवून घ्या, निगेटिव्ह उलट बाजूने छापली की गाल बदलतो आणि बिल्लेही उलट्या खिशावर जातात.

शेवटी भाऊ हरणार नाही, कारण प्रिंट घेऊन तो लक्ष्मी रोडवरच्या दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. तिथे प्रिंटवरून कॉपी काढतील, व्रण भरतील. कॉपीत कॉन्ट्रास्ट वाढतो, सावल्या बुजतात, टोपीचा काठ आणि केस एक होतात. हार घातलेला तो फोटो गावात पोचला की हवालदाराच्या बायकोची नजर गालावर थांबवू नका, मिशीच्या टोकावर थांबवा. तिथे दुसऱ्याने केस रंगवलेले असतील.