गेट बंद व्हायच्या वेळेपासून मागे मोजत ये

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आदल्या रात्रीच्या गाडीने निघून सकाळी आईला घेऊन थेट परीक्षेच्या सेंटरवर गेलं तर चालेल का, असं तू विचारलं आहेस. चालेल असं सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. त्यांची गाडी त्या दिवशी वेळेवर आलेली असते, एवढंच.

तुझ्याच वेळा घेऊन बघू. पेपर 9 ते 12, गेट 8:30 ला बंद, आणि गाडी पोचते पहाटे 5:40 ला. तीन तास हातात आहेत असं वाटतं. पण गाडी तासभर उशिरा आली की 6:40 झाले. स्टेशनाबाहेर येऊन रिक्षा-टॅक्सी मिळेपर्यंत सात. खोली दुपारी बाराशिवाय मिळणार नाही, म्हणजे तोंड धुणं, कपडे बदलणं सगळं स्टेशनवरच. त्यात बॅगा हातात, आणि सेंटरवर बॅग ठेवायची सोय असेलच असं नाही. रात्रभर डुलक्या काढून आलेलं डोकं तीन तास पेपर कसा लिहिणार, ते तूच ठरव.

म्हणून आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं आणि हिशोब पुढून नाही, मागून करायचा. गेट 8:30 ला बंद होतं, पण तपासणीची रांग लांब असते. तू 7:30 ला रांगेत हवंस. मुक्कामापासून सेंटरपर्यंत 25 मिनिटं लागत असतील तर 40 धर. गाडी मिळायला 15. म्हणजे खोलीतून 6:35 ला बाहेर, आणि त्यासाठी 5:15 ला उठणं. हे आकडे कागदावर लिहून आईलाही दाखव. एकदा वेळ ठरलेली असली की सकाळी ‘अजून वेळ आहे’ आणि ‘उशीर झाला’ यावरून तुमचं वाजणार नाही.

आता मुक्काम. लोक स्टेशनजवळची खोली घेतात, कारण उतरल्या उतरल्या सोयीची वाटते. तुला ती सेंटरजवळ हवी. 2 किलोमीटरच्या आत असेल तर काहीही वाहन मिळालं नाही तरी अर्ध्या तासात चालत पोचता येतं. अडचण एकच: बऱ्याच परीक्षांमध्ये शहर आधी कळतं आणि नेमकं सेंटर हॉलतिकिटावर, म्हणजे अगदी शेवटी. तोवर थांबलं तर आसपासच्या खोल्या बाकीच्या उमेदवारांनी घेतलेल्या असतात. तेव्हा शहर कळल्याबरोबर, रद्द करता येईल अशी एक खोली धरून ठेव, आणि पत्ता आला की बदल.

बुकिंग ऑनलाइन केलंस तरी तिथे एक फोन कर. खोली किती वाजता ताब्यात मिळेल? खोली सोडल्यावर सामान काउंटरवर ठेवाल का? आणि सकाळी साडेसहाला मुख्य दार उघडं असेल का? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. मग शटरला आतून कुलूप, रखवालदार गाढ झोपेत, आणि तू हॉलतिकीट हातात घेऊन शटर वाजवत उभं. आईचे गुडघे दुखत असतील तर खालच्या मजल्यावरची खोली मागून घे, आणि शक्यतो रस्त्याकडेची नको.

आदल्या दिवशी दुपारी थोडं पडून झालं की संध्याकाळी दोघं सेंटरच्या गेटपर्यंत जाऊन या. नकाशावर बघितलंय म्हणून टाळू नकोस. एकाच संस्थेच्या दोन इमारती दोन टोकांना असतात, आणि पत्ता अर्धवट टाकला की नकाशा तुला भलत्याच इमारतीकडे नेतो. कधी तो बरोबर आवाराशी नेतो, पण उमेदवारांना आत सोडतात मागच्या रस्त्याच्या गेटने. रखवालदाराला विचार, उद्या प्रवेश कुठून. संध्याकाळची आणि सकाळची गर्दी सारखी नसते, हे धरूनच वरची 40 मिनिटं काढली आहेत.

या फेरीचं दुसरं काम आईसाठी आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. तू 7:30 ला आत गेल्यावर बाहेर पडेपर्यंत साडेबारा होणार. पाच तास. पालक फूटपाथवर उन्हात उभे राहतात, कारण दुसरीकडे जायचं त्यांच्या मनात येत नाही. पण खोली 11 वाजेपर्यंत तुमचीच आहे! आईने तुला सोडून परत जावं, आडवं व्हावं, 11 ला खोली सोडून सामान काउंटरवर ठेवावं आणि बाराला सेंटरजवळ यावं. सेंटर लांब असेल तर संध्याकाळीच बसायला सावली आणि जवळ स्वच्छतागृह असलेली एक जागा हेरून ठेवा.

भेटायची जागा तेव्हाच ठरवा. ‘गेटवर’ म्हणू नकोस. माझ्या एका मुलाखतीला वडील बरोबर आले होते. मी आत गेलो समोरच्या दाराने, आणि सोडलं मागच्या. माझा फोन वडिलांच्या पिशवीत, आणि त्यांचा नंबर मला पाठ नव्हता. सव्वा तास आम्ही एकाच इमारतीला प्रदक्षिणा घालत होतो, बहुतेक एकाच दिशेने. तेव्हा एखादी ठळक खूण ठरवा, आणि पहिला पोचेल त्याने तिथून हलायचं नाही.

तुझा फोनही आईकडेच राहणार. परतीची तिकिटं, लॉजचं बुकिंग सगळं त्यात, आणि लॉक कसं उघडायचं ते फक्त तुला ठाऊक! ते तिला शिकव, नाहीतर सगळं तिच्या फोनवर पाठव. शिवाय लॉजचं नाव, पत्ता आणि नंबर एका कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेव.

परतीची गाडी चारच्या आधीची नको. पेपर बाराला संपला तरी ओळीओळीने सोडतात, बाहेर एकदम गर्दी होते, सामान घेईपर्यंत दीड वाजतो, मग जेवण. पुढे कधी मुलाखतीला जाशील तेव्हा हे गणित चालणार नाही: बोलावलेलं असतं दहाला, कागदपत्रं तपासतात बाराला, आणि तुझा नंबर लागतो चारला. तिथे रात्रीची गाडी किंवा दुसऱ्या दिवशीची सकाळची.

जेवणानंतर जो तास-दीड तास उरेल त्यात एकच ठिकाण बघा, तेही स्टेशनच्या वाटेवरचं, कारण बॅगा बरोबर असतील. कुठलं ते आईला निवडू दे. तुला तोवर उत्तरं पडताळून बघायची घाई झालेली असेल. ती गाडीत बसल्यावर बघ.

हॉलतिकीट आलं की सेंटरचा पूर्ण पत्ता मला पाठव, पिनकोडसकट.

तुझा,
काका