भाड्याच्या घरात कुत्रं पाळायला मालकांची परवानगी कशी मागू?

राजारामपुरीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतोय, मालक काका खालीच राहतात. कुत्रं आणायचंय, काय सांगून विचारू?

उत्तर: आणायच्या आधी विचारा, आणि तोंडी झालं की तेच व्हॉट्सअपवर लिहून पाठवा, म्हणजे त्यांचं "चालेल" लेखी राहतं. मी माझी खोली भाड्यानं देतो, म्हणून सांगतो, "काही त्रास होणार नाही काका" या वाक्यावर मालकाचा विश्वास बसत नाही, त्याला नेमकं कोण काय करणार ते ऐकायचं असतं. असं लिहा बघा:

"काका, लहान कुत्रं आणायचंय, तुमची परवानगी असेल तरच. रेबीजची लस देऊन कार्ड दाखवतो. जिन्यात किंवा गच्चीवर घाण झाली तर लगेच मी साफ करणार. दिवसा घरात आई असते, त्यामुळं ते एकटं भुंकत बसणार नाही. दारं, चौकटी, जाळ्यांचे आत्ताचे फोटो पाठवलेत, नवीन ओरखडा दिसला तर सोडताना पॉलिश माझ्या खर्चानं, नाहीतर डिपॉझिटमधून कापा."

फोटो विसरू नका, कुत्रं बाहेर जायला दार खरवडतं ते खालच्या भागात, आणि भांडण नेमकं तिथंच होतं, जुना ओरखडा की नवा. दिवसा घरी कोणी नसेल तर मात्र आवाजाची हमी देऊ नका, एकटं पडलेलं पिल्लू रडतंच, त्यापेक्षा दुपारी कोण येऊन बघणार ते सांगा. आणि करारात प्राणी नकोत असं कलम असेल तर नुसता मेसेज पुरत नाही, रिन्यू करताना ते बदलून घ्या.