‘जणू’ घातलं की हायकू का बिघडतो?

प्रश्न : हायकूतल्या दोन चित्रांमध्ये ‘जणू’ घातलं तर अर्थ लगेच लागतो. तरी ते का नको म्हणतात? आणि काहीच न लिहिता मधला भाव वाचायचा कसा?

हायकू म्हणजे पाच-सात-पाच अक्षरांच्या तीन ओळींची, मूळ जपानी कविता. सोलापूरचंच उदाहरण रचून पाहू :

माग थांबला –
सिद्धेश्वर तळ्यात
एक बगळा

आता मधली ओळ ‘जणू तळ्यात उभा’ अशी करा. अक्षरं सातच राहतात, पण बगळा मागाची उपमा होतो. त्याला स्वतःचं पाणी उरत नाही, आणि वाचकाला करायलाही काही उरत नाही. ‘जणू’ नसताना दोन्ही चित्रं खरी असतात : इकडे खडखडाट बंद झाला, तिकडे बगळा आहे.

मधला भाव शोधायला ‘थांबला’पाशी या. मराठीत थांबणं म्हणजे बंद होणं, आणि वाट पाहणंही (‘जरा थांब, आलोच’). पहिला अर्थ मागाला लागतो. दुसरा अर्थ न लिहिताच बगळ्यापर्यंत पोचतो, कारण तोही माशासाठी थांबलेलाच असतो. मग प्रश्न पडतो की माग पाळी संपली म्हणून थांबला, की कायमचा? विसावा आणि धास्ती दोन्ही ‘थांबला’नंतरच्या त्या रेघेत मावतात. ‘माग बंद पडला’ लिहिलं असतं तर धास्तीच उरली असती. ‘एकच बगळा’ केलं तर अक्षर वाढतं हे सोडा, तो ‘च’ वाचकाला एकटेपणाकडे ढकलतो. ‘उदास बगळा’बद्दल तर बोलायलाच नको.

दोन चित्रं खरोखर दोन आहेत का, हे पाहायला मध्ये ‘म्हणून’ घालून वाचा. ‘माग थांबला – कामगार बाहेर चहाला आले’ इथे ‘म्हणून’ चपखल बसतं, म्हणजे ही एकच घटना आहे. रेघ फुकट गेली. ‘माग थांबला म्हणून बगळा’ हे बसत नाही, तिथे जागा आहे. अर्थात उलट टोकही असतं : दोन चित्रांना जोडणारं काहीच सापडलं नाही, तर तो हायकू नव्हे, नुसती यादी.

आपण रेघ काढतो तिथे जपानीत उच्चारायचे शब्द असतात. त्यांना किरेजी, म्हणजे छेद देणारे शब्द, म्हणतात : या, केरी, काना. जपानी कवी बाशोच्या प्रसिद्ध हायकूत वाळक्या फांदीवर कावळा बसतो, क्रियापदाला ‘केरी’ लागून वाक्य तिथे तुटतं, आणि मग नुसतं येतं ‘आकि नो कुरे’. याचा अर्थ शरदातली संध्याकाळ, किंवा शरदाची अखेर. जपानीत दोन्ही चालतात, मराठीत एक निवडावा लागतो. त्यातही ‘शरद’ म्हटलं की आपल्याला कोजागिरीचं चांदणं आठवतं, आणि तो कावळा हवा तसा एकटा पडत नाही. माझ्या मते तिथे ‘पानगळीची सांज’ जवळचं, ऋतूचं नाव हुकलं तरी.