अधिकारिता, हद्द आणि दाकारचा खटला

प्रश्न : युनिव्हर्सल ज्युरिस्डिक्शनला ‘वैश्विक अधिकारक्षेत्र’ म्हणावे का? आणि त्याचा अर्थ कोणत्याही देशातले कोर्ट कोणावरही खटला चालवू शकते, असाच ना? (एक वाचक, ऐरोली)

म्हणू नये, आणि अर्थही तसा नाही. वृत्तनिवेदकांनी ‘क्षेत्र’ हा शब्द इतका घोटून घेतला आहे की ज्युरिस्डिक्शन म्हणजे नकाशावरची रेघ, अशी समजूत पक्की झाली आहे. खाडीपुलावर अपघात झाला की तो ठाण्याचा की नवी मुंबईचा, हे ठरवायला ‘हद्द’ हा अरबीतून आलेला शब्द पुरेसा आणि चपखल आहे. परंतु गुन्हा परदेशात घडलेला, आरोपी परकीय आणि पीडितही परकीय असताना, केवळ गुन्ह्याच्या भीषणतेमुळे न्यायालयाला खटला चालवता यावा, हे तत्त्व हद्द ओलांडण्यासाठीच मांडले गेले आहे. त्याला ‘वैश्विक क्षेत्र’ म्हणणारे लोक मर्यादेलाच अमर्याद म्हणत असतात.

मुळात लॅटिनमध्ये ‘यूस’ म्हणजे कायदा आणि ‘दिक्तिओ’ म्हणजे उच्चार. कायदा काय आहे ते सांगण्याचा अधिकार, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. या ‘दिक्तिओ’तला धातू आणि संस्कृतातला ‘दिश्’ हे एकाच मुळाचे असून आदेश, निर्देश, उपदेश हे सारे त्याच घरातले. ‘देश’ हा शब्दही ‘दिश्’पासूनच आला, ही क्षेत्रवाद्यांना टाळ्या पिटण्याची जागा आहे, हे मी जाणतो. तथापि ज्युरिस्डिक्शनमध्ये जो दाखवून दिला जातो तो कायदा असतो, भूभाग नव्हे. म्हणून कायद्यांच्या मराठी अनुवादांत रुळलेला ‘अधिकारिता’ हा रुक्ष वाटणारा शब्दच बरोबर, आणि ‘सार्वत्रिक अधिकारिता’ असे लिहावे.

हा भेद शब्दच्छल वाटत असेल तर हिसेन हाब्रे यांचे प्रकरण पाहावे. 1982 ते 1990 या काळात चाडवर सत्ता गाजवून ते सेनेगलमध्ये पळाले आणि राजधानी दाकारमध्ये उघडपणे राहू लागले. 2000 साली पीडितांनी तिथेच त्यांच्या राजवटीतल्या छळाची तक्रार केली व आरोप निश्चित झाले. आरोपी हद्दीतच होता. तरीही मार्च 2001 मध्ये सेनेगलच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने आपल्याला अधिकारिता नाही असा निर्णय दिला. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार सेनेगलने 1986 मध्येच स्वीकारला होता. मात्र परकीयाने परदेशात केलेल्या गुन्ह्यांपैकी राज्याची सुरक्षितता, शासकीय शिक्का किंवा चलनाची नक्कल असे मोजकेच गुन्हे तिथल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत चालवता येत होते. बनावट नोटांवर खटला शक्य, छळावर अशक्य! करारावर सही झाली म्हणजे अधिकारिता आली, असे मानणाऱ्या विद्वानांनी हा निकाल जरूर वाचावा.

सेनेगलने 2007 व 2008 मध्ये कायदा आणि राज्यघटना बदलली. त्यावर 2010 साली पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने नवी हरकत काढली : जुन्या कृत्यांना नवा देशी कायदा लावता येणार नाही, आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे खास न्यायालय हवे. दरम्यान बेल्जियम हाब्रे यांचा ताबा मागत होते आणि तो मिळत नव्हता. अखेर जुलै 2012 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सेनेगलला बजावले की ताबा देणार नसाल तर विनाविलंब स्वतः खटला चालवा. त्यानंतर आफ्रिकी संघाशी करार होऊन 2013 मध्ये सेनेगलच्या न्यायव्यवस्थेतच खास कक्ष उभे राहिले.

खरी कसोटी त्यानंतर लागली. पुरावा सगळा चाडमध्ये होता, त्यामुळे तपास करणारे न्यायाधीश चार वेळा तिकडे गेले आणि त्यांनी सुमारे अडीच हजार पीडित व साक्षीदारांचे जबाब नोंदवले. त्या राजवटीच्या गुप्त पोलिसांची हजारो कागदपत्रे राजधानी न्जामेनात 2001 मध्येच सापडली होती, हे सुदैव. एरवी इतक्या वर्षांनी हुकमाची साखळी सिद्ध करणे फार अवघड असते. मात्र या पोलिसांचे दोन प्रमुख अधिकारी चाडने दाकारला पाठवले नाहीत. त्यांच्यावर स्वतःच्याच न्यायालयात खटला चालवला. दुसऱ्या देशाने माणूस दिला नाही, तर न्यायाधीशाच्या हाती विनंतीपत्रापलीकडे फारसे काही उरत नाही. जुलै 2015 मध्ये सुनावणी सुरू झाली तेव्हा हाब्रे यांनी न्यायालयच मानले नाही व त्यांच्या वकिलांनी पाठ फिरवली, त्यामुळे नवे वकील नेमून त्यांना अभ्यासासाठी 45 दिवस द्यावे लागले. मे 2016 मध्ये जन्मठेप झाली आणि एप्रिल 2017 मध्ये ती अपिलात कायम राहिली.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. ‘कोणावरही’ असे तर मुळीच म्हणता येत नाही, कारण पदावरील परराष्ट्रमंत्र्याविरुद्ध दुसऱ्या देशाच्या न्यायालयाला वॉरंट काढता येत नाही, असे हेगच्याच न्यायालयाने 2002 मध्ये काँगो विरुद्ध बेल्जियम खटल्यात ठरवले. हाब्रे तेव्हा पदावर नव्हते, आणि खुद्द चाडनेच त्यांची प्रतिकारशक्ती, म्हणजे पदामुळे खटल्यापासून मिळणारे संरक्षण, काढून घेतली होती. प्रतिकारशक्ती हा अनुवादही मला मान्य नाही, तो रोगांना शोभतो. कायद्यात ‘उन्मुक्ती’ म्हणावे.