आईच्या मेंदूत पाणी झालंय की मेंदू आकसलाय?

प्रश्न : इंदूरला आईचा (वय ७८) डोक्याचा एमआरआय केला. रिपोर्टमध्ये मेंदू आकसलाय, पाण्याच्या पोकळ्या रुंद झाल्यात, दोन्हीकडे एमटीए ३ आणि इव्हान्स इंडेक्स ०.३२ असं आहे. वर्षभर विसरते, पण राजवाड्यापर्यंत पायी जाऊन येते. हे पाणी काढता येतं का?

उत्तर : पाण्याची पोकळी दोन कारणांनी रुंदावते. मेंदू आकसला की रिकामी झालेली जागा पाणी भरून काढतं. दुसऱ्या आजारात पाण्याचा निचरा बिघडतो आणि पोकळ्या आतून फुगतात. पाणी काढून फायदा होतो तो या दुसऱ्यात.

इव्हान्स इंडेक्स म्हणजे पाण्याच्या पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची सगळ्यात जास्त रुंदी भागिले त्याच पातळीवर कवटीची आतली रुंदी. ४१ मिमी आणि १२८ मिमी असेल तर ०.३२. हद्द ०.३ ची, पण या वयात निरोगी माणसंही ती ओलांडतात. म्हणून नुसत्या या आकड्यावर काही ठरवू नका.

एमटीए हा कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवणारा भाग, किती आकसलाय याचा ० ते ४ असा गुण. पंचाहत्तरीच्या आत २ आणि त्यापुढे ३ असेल तर तो वयाच्या मानाने जास्त धरतात. म्हणजे आईंचा ३ वयाच्या खात्यात टाकता येत नाही. खोच अशी की पाणी तुंबलं तरी शेजारची पाण्याची पोकळी, म्हणजे टेम्पोरल हॉर्न, रुंदावते आणि गुण उगाच वाढतो. सेंटरवरून सीडी घेऊन न्यूरोलॉजिस्टना उभे, म्हणजे कोरोनल, टी१ काप दाखवा आणि एवढंच विचारा : हिप्पोकॅम्पसची उंची खरंच कमी झालीय का? आडव्या कापांवरून ते नीट कळत नाही.

त्याच कापांत टाळूजवळच्या घड्याही बघायला सांगा. मेंदू आकसलेला असेल तर तिथल्या फटी सैल, उघड्या दिसतात. पाणी तुंबलेलं असेल तर वरच्या फटी दाबून बंद, पण कानाच्या वरची मोठी फट मात्र रुंद, असं विचित्र चित्र दिसतं. रिपोर्टमध्ये हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं.

पाणी तुंबण्याच्या आजारात चाल सहसा आधी बिघडते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पावलं आखूड, वळताना चार-पाच पावलं लागतात. मग लघवी आवरत नाही. आई राजवाड्यापर्यंत नीट चालत असतील तर माझा कल आकसण्याकडे, त्यातही अल्झायमरकडे. शंटचा, म्हणजे जास्तीचं पाणी वळवून काढणारी नळी बसवण्याचा, विचार मी आत्ता करणार नाही.

चाल बिघडली तर मात्र तपासणी आहे : पाठीतून ३० ते ५० मिली पाणी काढतात आणि आधी व नंतर तेच १० मीटर घड्याळ लावून चालवतात. वेळ ठळक कमी झाली तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. नाही झाली तरी आजार नाहीच असं ठरत नाही, हे लक्षात असू द्या.

दरम्यान बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. विसरण्यात त्यांचाही हात असू शकतो, आणि तो भाग गोळ्यांनी सुधारता येतो.